मुदतीनंतरचा अर्ज

जानेवारीचा पहिला आठवडा सरला की कडोलीत संमेलनाशिवाय दुसरं काही बोललं जात नाही. त्यामुळे मुदत चुकली तेव्हा माझ्या हाताशी आयतं कारण होतं. शुक्रवारी, म्हणजे ९ तारखेला, अर्जाची मुदत संपली आणि रविवारी गावात संमेलन. मी स्वयंसेवक. खुर्च्या, चहा, पुस्तकांचे गठ्ठे, पाहुण्यांच्या गाड्या. कुणीही विश्वास ठेवला असता.

खरं कारण वेगळं होतं. कोल्हापुरातल्या एका प्रकाशनसंस्थेला मुद्रितशोधन आणि थोडंफार भाषांतर करणारा माणूस हवा होता. मराठी घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले चालतील, इंग्रजी बरं हवं, एका पानाचा रेझ्युमे आणि सोबत तीनशे शब्दांचं भाषांतर पाठवा, एवढीच अट. जाहिरात मला मुदतीच्या दहा दिवस आधी दिसली होती. रेझ्युमे एका संध्याकाळी झाला. भाषांतराचं पान मात्र मी नऊ दिवस घासत बसले. एक वाक्य बदललं की दुसरं खटकायचं. गुरुवारी रात्री म्हटलं, उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी एकदा वाचते आणि पाठवते. शुक्रवारी सकाळी गावात मांडव पडायला लागला आणि पान तसंच राहिलं. म्हणजे संमेलनाने माझा शेवटचा एक दिवस खाल्ला. आधीचे नऊ मीच खाल्ले होते.

रविवारी रात्री सगळं आवरल्यावर मोबाइल उघडला तर जाहिरात अजून होती, खाली मुदत मात्र ठळक अक्षरांत. मी मेल लिहायला घेतली. पहिला मसुदा असा झाला:

«आदरणीय महोदय, आमच्या गावातील साहित्य संमेलनाच्या धावपळीमुळे तसेच इंटरनेटच्या अडचणीमुळे मला वेळेत अर्ज करता आला नाही, याबद्दल मी मनःपूर्वक क्षमा मागते. मराठी भाषेची सेवा करण्याची माझी लहानपणापासूनची तळमळ लक्षात घेऊन कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही नम्र विनंती.»

इंटरनेटला काहीही झालं नव्हतं. आणि लहानपणी मला कंडक्टर व्हायचं होतं.

मेल पाठवण्याआधी मी मावशीला फोन केला, कारण या विषयात आमच्या घरात तिच्याइतकं कुणाला कळत नाही. मावशी बेळगावात एका शाळेच्या ऑफिसात पंचवीसेक वर्षं आवक-जावक सांभाळते. अर्ज देणारे बाहेरच्या बाकावर बसलेले असतात आणि घेणारी ती आत असते. मी मसुदा वाचून दाखवला. ती पहिल्यांदा हसली.

"कशाला एवढं भ्यायलीस? आणि हे इंटरनेट कुठून काढलीस गं?"

मग तिने जे सांगितलं ते मी कुठल्याही करिअर मार्गदर्शनाच्या व्याख्यानात ऐकलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढतो. त्याला क्रमांक पडतो, तारखेचा शिक्का बसतो. मुदतीनंतर आलेला अर्जही मावशी फाडून टाकत नाही. तोही चढतो, फक्त शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने "मुदतीनंतर" असं लिहिलं जातं आणि तो वेगळ्या फाइलला लागतो. ती फाइल उघडायची की नाही हे मावशी ठरवत नाही. मात्र वेळेतल्या अर्जांत कामाचा माणूस सापडला नाही, किंवा ज्याला निवडलं त्याने ऐनवेळी नकार दिला, की वरचे विचारतात, "आणखी कुणाचे आले होते का?" तेव्हा ती फाइल निघते. पण तिच्या म्हणण्याप्रमाणे हे चालतं ते संस्थेने स्वतःच्या पैशाने भरायच्या जागांना. ज्या जागेचा पगार सरकारकडून येतो तिथे ती फाइल निघतच नाही. मग समोरचा माणूस कितीही गुणी असो.

"आणि तारीख मागची घालू नकोस हां," ती म्हणाली. पूर्वी अर्ज टपालाने यायचे तेव्हा लोक आत ४ तारीख घालायचे आणि पाकिटावर टपालाचा शिक्का ११ चा असायचा. म्हणून मावशी पाकीट कधी टाकून देत नसे, अर्जाला टाचून ठेवत असे. "अर्ज उशिरा आला तर माणूस उशिरा आला एवढंच कळतं. पाकीट बघितल्यावर माणूस कसा आहे तेपण कळतं." मेलला पाकीट नसतं, पण वेळ वर लिहिलेली असतेच.

तिच्या मते मुदतीनंतर विचारताना खरा प्रश्न एकच: अर्ज छाननीला गेले का? मुदत संपणं आणि छाननी सुरू होणं या दोन गोष्टींत बहुतेक ठिकाणी थोडं अंतर असतं. शुक्रवारी मुदत असेल तर शनिवार-रविवार तसेच जातात, सोमवारी कुणीतरी सगळे अर्ज एकत्र करतं, त्यांची यादी बनवतं, मग ती यादी निवडणाऱ्याच्या टेबलावर जाते. यादी बनेपर्यंत एक नाव वाढवायला कुणाला त्रास नसतो. यादी टेबलावर गेली की त्याच नावासाठी कुणालातरी उठून साहेबांकडे जावं लागतं, आणि अनोळखी मुलीसाठी कोण कशाला उठेल? म्हणून उशीर झालाच असेल तर सोमवारी अकराच्या सुमारास आधी फोन करायचा. दहाला ऑफिस उघडतं, अकरापर्यंत माणूस चहा पिऊन स्थिर झालेला असतो. एकच प्रश्न विचारायचा, आणि उत्तर काहीही आलं तरी वाद घालायचा नाही. "पाठवा, बघतो" म्हणाले तर तासाभरात मेल करायची. "झालं ते" म्हणाले तर आभार मानून फोन ठेवायचा.

मेलबद्दलही तिचं मत पक्कं होतं. विषयाच्या ओळीतच पदाचं नाव आणि उशिराची गोष्ट यायला हवी. काहीजण न विचारता नुसता रेझ्युमे धाडतात, जणू उशीर कुणाच्या लक्षातच येणार नाही. ते तिला सर्वांत जास्त खटकतं. रेझ्युमे आणि नमुना सोबतच जोडायचा, "हवा असल्यास पाठवते" म्हणायचं नाही, कारण मग समोरच्याला आणखी एक मेल लिहावी लागते. कारण एका ओळीत. आणि नकार देणं त्यांना सोपं जाईल असं एक वाक्य. या शेवटच्या गोष्टीवर मी अडले. नकार आपणच सोपा करून द्यायचा?

"हो तर. अडवून धरलंस की माणूस नियमच काढतो."

दुसरा मसुदा असा झाला. विषयाच्या ओळीत लिहिलं, «मुद्रितशोधक पद (मुदत ९ जानेवारी): उशिरा अर्जाबाबत विचारणा».

«नमस्कार. आज सकाळी आपल्या कार्यालयात फोनवर बोलल्याप्रमाणे लिहीत आहे. या पदाची मुदत शुक्रवारी संपली हे मला माहीत आहे. भाषांतराचा नमुना पुन्हा पुन्हा सुधारण्यात माझ्याकडून उशीर झाला. अर्जांची छाननी अजून सुरू झाली नसेल, तर माझा अर्ज विचारात घेता येईल का? रेझ्युमे आणि नमुना एकाच पीडीएफमध्ये जोडला आहे. आपल्या नियमात बसत नसेल तर तसं कळवलंत तरी चालेल.»

खरं कारण लिहिताना हात अडखळला. मुद्रितशोधकाच्या जागेसाठी अर्ज करताना "मी एक पान नऊ दिवस घासते" हे सांगणं म्हणजे आपला दोष आपणच दाखवणं. पण दुसरं खरं कारण नव्हतं. सोमवारी अकराला फोन केला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "यादी उद्या करणार आहे, पाठवून ठेवा." साडेअकराला मेल गेली.

घरात यावर चर्चा झालीच. आज्जीने दहा कुमारिकांची आठवण करून दिली. तेल आणायला गेल्या, तोवर दार बंद झालं, आणि आतून उत्तर आलं की मी तुम्हाला ओळखत नाही. बाबा नेहमीप्रमाणे द्राक्षमळ्याच्या बाजूने. दिवस मावळायला तासभर असताना आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळाली की नाही? मी म्हटलं, त्या गोष्टीत मळ्याचा मालक स्वतः चौकात जाऊन मजूर शोधत होता, मजुराने काही विचारलं नव्हतं. आणि सकाळपासून राबलेले कुरकुरले होते, हेही त्यातच आहे. तेव्हा हे मी बाबांना निरुत्तर करायला बोलले होते.

बुधवारी उत्तर आलं. माझा अर्ज उशिरा आलेला म्हणून वेगळा ठेवला आहे, मुदतीतले अर्ज आधी पाहिले जातील, त्यानंतर गरज वाटल्यास कळवू. मावशीची लाल शाई आणि वेगळी फाइल, अगदी तशीच. पुढच्या सोमवारी, १९ तारखेला, फोन आला. शनिवारी कोल्हापूरला या, एक तासाची चाचणी आहे, प्रूफ तपासायची.

आता जे लिहायचं आहे ते जरा अवघड आहे.

निपाणीची माझी एक मैत्रीण आहे, माझ्याच वर्गातली. ऱ्हस्व-दीर्घ तिच्याइतकं आमच्या वर्गात कुणाला कळत नाही. परीक्षेत माझे गुण जास्त येतात हा भाग वेगळा. सोमवारी मी आनंदाने तिला सांगितलं. ती म्हणाली, "ती कोल्हापूरची? मी शनिवारी बघितली ती जाहिरात. एक दिवस होऊन गेला होता, म्हणून सोडून दिले."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "उशिरा घेतात होय? मला काय माहीत."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. कारण उशिरा घेतात हे मला सोमवारी अकरा वाजताच कळलं होतं, आणि बुधवारी तर लेखी कळलं होतं. मी कुणालाच बोलले नव्हते. मुद्दाम लपवलं असं नाही. पण मनात कुठेतरी होतं की होईपर्यंत सांगायला नको. आणि होईपर्यंत न सांगण्याचा अर्थ काय होतो हे मला तिच्यासमोर उभी असताना कळलं.

त्या आठवड्यात आमच्या सरांशी बोलताना हा विषय निघाला तेव्हा त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एका निकालाचं नाव सांगितलं: अशोक कुमार शर्मा विरुद्ध चंदर शेखर. मी तो शोधून वाचला. कायद्याचं इंग्रजी जड आहे, पण घटना साधी आहे. जम्मू-काश्मीरमध्ये कनिष्ठ अभियंत्यांच्या जागा निघाल्या होत्या. अर्जाची शेवटची तारीख होती १५ जुलै १९८२. काही उमेदवारांनी इंजिनिअरिंगची परीक्षा दिली होती, पण निकाल लागायचा होता. त्यांनी तसेच अर्ज केले. निकाल लागला २१ ऑगस्टला, मुलाखती सुरू झाल्या २४ ऑगस्टला. मुलाखतीला बसले तेव्हा त्यांच्या हातात पदवी होती. मग हरकत काय?

न्यायालय म्हणालं, पात्रता शेवटच्या तारखेलाच बघायची, नंतरच्या कुठल्याही तारखेला नाही. जाहिरात म्हणजे लोकांना दिलेला शब्द आहे, देणाऱ्याला तो मोडता येत नाही. आणि यामागचं जे एक कारण न्यायालयाने दिलं आहे ते वाचताना मी थांबले. निकाल नंतर लागला तरी चालतो हे आधी माहीत असतं, तर तशाच परिस्थितीतल्या इतरांनीही अर्ज केले असते. म्हणजे नियम वाचून, आपण बसत नाही असं समजून, जे गप्प घरी बसले त्यांचं काय? १९९० च्या एका निकालातही, विजयनगरममधल्या एका शिक्षिकेच्या नेमणुकीबद्दल, न्यायालयाने हाच मुद्दा घेतला होता. जाहिरातीतली अट डावलून नेमणूक केली तर तो नेमणारा आणि नेमला जाणारा या दोघांपुरता मामला राहत नाही. तेवढीच किंवा त्याहून जास्त पात्रता असलेले, पण अट वाचून अर्जच न केलेले जे लोक असतात, त्या सर्वांवर तो अन्याय असतो.

हे दोन्ही खटले पात्रतेचे आहेत, उशिरा पोचलेल्या अर्जाचे नाहीत, हे मला कळतं. तरी मावशीची सरकारी पगाराची फाइल का उघडत नाही, ते मला इथे समजलं. सरकारी जागेला मुदतीनंतर विचारण्यात अर्थ नसतो तो साहेब कडक असतात म्हणून नव्हे. एकट्या माझ्यासाठी तारीख हलवायचा अधिकार कुणालाच नसतो. केपीएससी असो की एमपीएससी, मुदत वाढवायची तर तसं जाहीर करून सर्वांसाठी वाढवावी लागते. तिथे ज्याची मुदत चुकली त्याने सहानुभूतीची पत्रं लिहिण्यापेक्षा मुदतवाढ निघाली आहे का ते बघावं. एक गोष्ट वेगळी आहे: अर्ज वेळेत गेला आणि एखाद्या दाखल्याचा कागद मागे राहिला, तर काही वेळा सवलत मिळते. २००५ च्या एका निकालात न्यायालयाने स्वतःच म्हटलं आहे की पात्रता तारखेलाच असायला हवी, पण ती सिद्ध करणारा कागद देण्यात परिस्थिती पाहून थोडं सैल सोडता येतं.

खाजगी संस्थेची गोष्ट निराळी. तारीख तिची, ती हवी तेव्हा हलवू शकते. मी विचारलं यात काही चूक नव्हती, त्यांनी घेतलं यातही नव्हती. पण गप्प घरी बसलेला माणूस खाजगी जाहिरातीलाही असतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात त्याला नाव नाही. मला त्याचं नाव माहीत होतं, निपाणीतलं घरही माहीत होतं.

मी तिला म्हटलं, तू आजच लिही. ती नको म्हणाली. मग मी माझी मेल तिला दाखवली, विषयाच्या ओळीसकट. तिने स्वतःची लिहिली, माझ्यापेक्षा दोन ओळी कमी. कारण एकच: मुदत संपल्यावर जाहिरात पाहिली. मंगळवारी सकाळी अकराला फोन केला तर त्याच बाई म्हणाल्या, चाचणीची नावं काल कळवून झाली, आता जमणार नाही. तिने आभार मानून फोन ठेवला. सगळं मिळून मिनिटभर लागलं असेल. मी बुधवारी बोलले असते तर तिचं नाव त्या वेगळ्या फाइलमध्ये माझ्या नावाखाली लागलं असतं. किंवा वर.

मी संस्थेला फोन करून तिच्यासाठी शब्द टाकू का, असंही विचारलं. ती म्हणाली, तुझीच जागा अजून पक्की नाही आणि तू माझ्यासाठी काय बोलणार? मी तो फोन केला नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं म्हणून, की मला तेवढंच निमित्त पुरलं म्हणून, ते मी अजून ठरवू शकले नाही.

चाचणीच्या दोन दिवस आधी मी तिला माझं ते नऊ दिवस घासलेलं पान वाचायला दिलं. तिने अर्ध्या मिनिटात बोट ठेवलं. "कवीसंमेलन" असं मी लिहिलं होतं. "कवी" एकटा असेल तेव्हा दीर्घ, पण "कविसंमेलन" हा समास, त्यात "वि" ऱ्हस्व. संमेलनाच्या गावची मुलगी मी, आणि तेच पान तसंच कोल्हापूरला जाऊन बसलं होतं.

शनिवारी पहाटे कडोलीहून पहिल्या गाडीने बेळगावला आले, सीबीटीवर कोल्हापूरची बस पकडली. निपाणीला बस थांबली तेव्हा ती स्टँडवर उभी होती. आदल्या रात्री मेसेज केला होता तिने, किती वाजता पोचतीस म्हणून. खिडकीतून तिने एक दोनशे पानी वही आत दिली. तिची शुद्धलेखनाची वही, अकरावीपासूनची, समासाचे शब्द एका बाजूला आणि सुटे दुसऱ्या बाजूला.

"परत आणून दे की मात्र," ती म्हणाली. "सोमवारी मला लागणार आहे."

कंडक्टरने घंटी मारली. पुढे कागलपर्यंत मी ती वाचत होते.